डबेवाल्याचा डबा थ्रीडीमध्ये खरा कसा वाटेल, तोही 4K टेक्स्चर न वापरता

चर्चगेटला दुपारी जेवणाच्या आधी डबे उतरतात तेव्हा तो जुना ॲल्युमिनियमचा डबा नीट बघा. रंग असा जवळजवळ नसतोच, सगळीकडे एकच राखाडी, तरी तो जुना आहे हे लगेच कळतं कारण चमक जागोजागी वेगळी असते. म्हणून सुरुवात रंगापासून नाही, रफनेसपासून करायची, म्हणजे पृष्ठभाग कुठे किती खरखरीत आणि कुठे किती चकचकीत ते ठरवण्यापासून. आणि 4K च्या नादी लागू नका, 4096 बाय 4096 ची एक इमेज मेमरीत उघडली की 64 एमबी खाते, अशा तीन म्हणजे 192, एका डब्यासाठी! आपल्याला 512 चा एक छोटा मास्क पुरतो, बाकीचं काम नॉइज करतो, म्हणजे इमेजशिवाय गणिताने तयार होणारा वेडावाकडा पॅटर्न.

मी ब्लेंडर धरून सांगतोय. डबा खऱ्या मापात बनवा, म्हणजे वीसेक सेंटीमीटर उंच, आणि Ctrl+A मारून स्केल अप्लाय करा, नाहीतर नॉइज एका बाजूला ताणला जातो. Metallic 1 ठेवा, रंग फिकट राखाडी, आणि आजूबाजूला एखादं एचडीआरआय, म्हणजे चारी बाजूंच्या प्रकाशाचा फोटो, लावा, कारण धातूला दाखवायला समोर काही नसेल तर तो काळाच दिसणार आणि तुम्ही उगाच मटेरियलला दोष देत बसाल.

आता रफनेस. Noise Texture ला Object कोऑर्डिनेट द्या. डबा 0.2 मीटरचा आहे, त्यामुळे Scale 5 ठेवलं तर अख्ख्या डब्यावर एकच ढग पडतो. 60-70 केलं की दीड सेंटीमीटरच्या आसपासचे डाग येतात, ते बरोबर. पुढे Map Range लावा आणि From मध्ये 0.35 ते 0.65 घाला, कारण नॉइजच्या बहुतेक किमती 0.5 च्या आसपासच घोटाळतात आणि 0 ते 1 ठेवलं तर फरक दिसतच नाही. To मध्ये 0.28 ते 0.5. जुन्या ॲल्युमिनियमला एवढं बास, 0.1 पर्यंत खाली आणलंत की दुकानातून आत्ताच आणल्यासारखा दिसतो.

घासण्याचे ओरखडे मात्र गोल फिरतात, कारण आपण डबा फिरवत घासतो. त्यासाठी दुसरा नॉइज घ्या, Scale 1 ठेवा आणि त्याच्या आधी Mapping मध्ये स्केल X 3, Y 3, Z 400 करा, डब्याभोवती बारीक आडव्या रेघा येतील. पण झाकणावर हे चालत नाही! झाकणाचा वरचा भाग सपाट, तिथे Z बदलतच नाही, त्यामुळे रेघा गायब होतात. झाकणाला वेगळं मटेरियल द्या आणि त्यात Wave Texture ची Rings, दिशा Z, थोडं Distortion.

आता झाकणावरचा रंगाने लिहिलेला कोड, म्हणजे अक्षरं आणि आकडे. इथेच बहुतेक लोक फसतात: रंगाचा मॅप लावतात आणि सोडून देतात, मग ते अक्षर धातूवर छापल्यासारखं दिसतं. 512 ची काळी-पांढरी इमेज बनवा, अक्षर पांढरं, कडा जरा तुटक. हा एकच मास्क सगळीकडे जोडायचा: रंगात लाल ऑइलपेंट, Metallic मध्ये त्या जागी 0, रफनेसमध्ये 0.6, आणि बम्पमध्ये पेंटची जाडी. चारही एकाच कडेवर बदलले की पेंट खरंच वरून लावलाय असं डोळ्याला पटतं. इमेजचा कलर स्पेस Non-Color करायला विसरू नका, sRGB राहिला तर 0.5 चं 0.21 होतं, मग झिजलेल्या करड्या जागी पेंट हवा त्यापेक्षा फारच कमी दिसतो. पूर्ण काळं-पांढरं तेवढं तसंच राहतं म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही.

बम्पचा मोह आवरा. पेंटसाठी Distance 0.0002, म्हणजे 0.2 मिलिमीटर, आणि ओरखड्यांना त्याहून कमी. बम्प फक्त प्रकाशाला फसवतो, डब्याची बाह्यरेषा बदलत नाही. त्यामुळे लोकलच्या गर्दीत बसलेला मोठा पोचा बम्पने केलात तर समोरून छान, पण डबा फिरवून कडेला आणला की रेषा अगदी सरळ! पोचे मेशमध्येच करा, दोन-तीन पुरतात.

रेंडरसाठी एवढ्यावर थांबता येतं. गेमसाठी किंवा वेबवर glTF मध्ये न्यायचं असेल तर हे नॉइज सोबत जात नाहीत, बेक करावे लागतात, म्हणजे इमेजमध्ये उतरवून घ्यावे लागतात, आणि त्या फॉरमॅटला बम्प माहीतच नाही, त्याचा नॉर्मल मॅप बनवावा लागतो. रफनेस हिरव्या चॅनलमध्ये आणि मेटॅलिक निळ्यात, म्हणजे दोन्ही एकाच इमेजमध्ये बसतात. 1K ला बेक केलं तर बारीक आडव्या रेघा थोड्या पुसट होतात, तेव्हा बेकच्या आधी Z चं 400 कमी करून 150 वर आणा.