चावीचं घड्याळ अचानक पुढे पळतंय? माझा अनुभव

चावीचं मनगटी घड्याळ अचानक दिवसाला वीसेक मिनिटं पुढे पळू लागलं. दुरुस्तीवाल्याकडून साफसफाई, तेल झालं. वेग कमी करायची दांडी टोकापर्यंत सरकवली, तरी ते पुढेच. वैताग आला.

कारण आतल्या रचनेत आहे. चावी दिली की मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते आणि उलगडताना चाकं ढकलते. एस्केपमेंट ती ताकद एकेका दातानेच सुटू देतं, टिकटिक त्याचीच. दात कधी सोडायचा हे ठरवतं बॅलन्स व्हील. ते केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगवर मागेपुढे झुलतं, जुन्या घड्याळांत बहुधा सेकंदाला ५ ठोके. या स्प्रिंगला चुंबकत्व लागलं की वेढे चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि झोके भरभर पडतात.

घड्याळ होकायंत्राजवळ फिरवलं, तर सुई जोरात वळली. (किंचित हलली तर ते नुसतं पोलादही असू शकतं.)

मग चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं, दाबूनच ठेवत घड्याळ सावकाश हातभर वर नेलं आणि नंतरच बटण सोडलं. जवळ असताना सोडलं तर चुंबकत्व उरतं. शेवटी दांडी मूळ जागी आणली, नाहीतर घड्याळ मागे पडलं असतं.