सांगाड्याचं वय: आधी कंबर, मग कवटी

इंदूरला फॉरेन्सिक मेडिसिनला नवीन आलेल्या रेसिडेंटसाठी हे लिहितो आहोत. समजा, सिमरोळकडच्या जंगलातून पोत्यात भरलेली हाडं आली आणि टीआय विचारतायत, "वय किती, डॉक्टरसाहेब?" हात आधी कवटीकडे जातो. तो आवरा आणि कमरेचं हाड घ्या.

दोन्ही जघनास्थी पुढे जिथे भेटतात, तो प्युबिक सिम्फिसिसचा चेहरा बघायचा. तो मिळेपर्यंत घाई नको. कुर्चा चिकटलेली असेल तर हाड साबणाच्या कोमट पाण्यात भिजू द्या, मग मऊ ब्रशने हळू काढा. चाकूने खरवडलं की कडेचा नाजूक काठ निघून जातो आणि हाड उगाच तरुण दिसतं. कुत्र्यांनी कुरतडल्यावरही तसंच होतं. तुटलेल्या जागी आतलं जाळीदार हाड उघडं पडतं, त्यावरून फरक कळतो.

आता टेबल लॅम्प आडवा धरा. तरुण हाडावर नांगरलेल्या शेतासारख्या आडव्या सऱ्या दिसतात. वयाबरोबर त्या बुजतात, भोवती काठ तयार होतो, पुढे चेहरा खोलगट आणि खडबडीत होतो. सुची-ब्रूक्स पद्धतीत याचे सहा टप्पे आहेत. फोटोपेक्षा साच्याशी ताडून बघणं चांगलं. पुरुष की स्त्री हे मात्र आधी ठरवा, कारण तक्ते वेगळे आहेत.

आपल्या पोत्यातलं हाड पुरुषाचं निघालं. सऱ्यांच्या पुसट खुणा उरल्यात, काठ जवळजवळ पूर्ण आहे, फक्त पुढच्या बाजूला वर थोडी फट आहे. हा चौथा टप्पा: सरासरी 35.2, पण पल्ला 23 ते 57 वर्षं. पल्ला मोठा वाटतो, पण माणसांची हाडं खरोखरच इतकी वेगवेगळी म्हातारी होतात.

मग कवटी. माइंडल-लव्हजॉय पद्धतीत कवटीच्या बाजूच्या पाच ठरावीक जागी शिवणीचा एकेक सेंटिमीटर बघून 0 ते 3 गुण देतात: उघडी 0, निम्म्यापर्यंत जुळलेली 1, त्याहून जास्त 2, पूर्ण बुजलेली 3. शिवणीत माती बसली असेल तर उघडी शिवण बंद भासते, म्हणून ओल्या ब्रशने साफ करून मगच गुण द्या. आपल्या कवटीला 1, 1, 2, 0, 1 म्हणजे एकूण 5 मिळाले. तक्त्यात सरासरी 41.1 वर्षं, प्रमाण विचलन सुमारे 10.

इथे नवीन माणूस 35 आणि 41 ची सरासरी काढून "38" लिहून मोकळा होतो. तसं करू नका. शिवणींचा भरवसा मुळातच कमी. पन्नाशीतही त्या उघड्या सापडतात. कवटीचा आकडा कमरेच्या पल्ल्यात बसतो, एवढाच तिचा आधार घ्यायचा. तो पल्ल्याबाहेर गेला असता, तर दोन माणसांची हाडं मिसळलीत का, हे आधी तपासावं लागलं असतं.

रिपोर्टात लिहा: "23 ते 57 वर्षे, तिशी-चाळिशीची शक्यता अधिक." टीआय एकच आकडा मागतील. "38" दिलात, तर ठाण्यातल्या बेपत्तांच्या यादीतला 52 वर्षांचा माणूस तिथेच बाजूला पडतो, आणि ही हाडं कदाचित त्याचीच असतात.