दोन नावांची दिवाळी पेटी: भागीदारी करण्याआधीची तयारी

आपला चिवडा-चकली आणि दुसऱ्या कुणाचा मसाला चहा एकाच पेटीत घालून, दोघांच्या नावांनी दिवाळीला विकायचं घाटत असेल, तर पेटीचा रंग ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर आणा: उरलेल्या मालाचं आणि उरलेल्या छापील खोक्यांचं काय करायचं. आमचं गेल्या खेपेला नेमकं तेवढंच राहून गेलं. दिवाळी छान गेली आणि जानेवारीत चिवडा खवट असल्याचे फोन यायला लागले. गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फोटोत खोकं आमचंच होतं, आतल्या पिशवीवर मात्र आमचा बॅच नंबर नव्हता. भागीदाराने रिकाम्या खोक्यांत दुसरीकडून घेतलेला चिवडा भरून तो प्रदर्शनात विकला होता. कराराकडे पाहिलं, तर त्याला अडवणारी एक ओळही त्यात नव्हती.

तर आधी भागीदार. त्याचं गिऱ्हाईक आणि आपलं गिऱ्हाईक साधारण एकाच खिशाचं हवं आणि माल एकमेकांच्या आड येणारा नको, हे सगळ्यांना कळतं. त्याचा एफएसएसएआय परवाना चालू आहे का हे फॉसकॉसच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचं नाव ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात तपासा. चहा आणि फरसाण दोन्ही वर्ग 30 मध्ये येतात, त्यामुळे दोन्ही नावं जोडून तयार केलेलं पेटीचं नाव उद्या दोघांपैकी कुणी एकटा नोंदवू शकणार नाही, हे करारात आत्ताच लिहा.

खरी परीक्षा तक्रारीची. नातेवाइकाच्या पत्त्यावर त्याचा माल मागवा, पुडा फाटका आला असं कळवा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो, भाषा कशी आहे, बदली माल येतो का ते बघा. (नंतर त्याला खरं सांगून टाका आणि बदली मालाचे पैसे द्या.) पेटी विकली गेल्यावर गिऱ्हाइकाला दोन वेगळे उद्योजक दिसत नाहीत. त्याचा उर्मटपणा तुमच्या नावावर जमा होतो.

आता मुदत. मसाला चहा नीट बंद केला तर वर्षभर टिकतो. तळलेल्या पदार्थातल्या तेलाला हवा आणि उजेड लागला की ते खवट होत जातं, म्हणून आपण चिवड्यावर फार तर दीड-दोन महिन्यांची मुदत टाकतो. अख्ख्या पेटीची मुदत ही आतल्या सर्वांत कमी टिकणाऱ्या वस्तूची मुदत. फरसाणवाल्याला हे सांगावं लागत नाही. चहावाल्याला मात्र सांगावं लागतं, कारण त्याच्या गोदामात पेटी जूनपर्यंत चांगलीच दिसते. म्हणून पेटीच्या बाहेर, पॅकिंगची तारीख आणि एमआरपीच्या शेजारीच, पेटीची मुदत छापा. करारात विक्रीची शेवटची तारीख त्याच्याही पंधरा दिवस आधीची ठेवा. त्या तारखेनंतर एकही पेटी विकायची नाही. अर्ध्या भावात नाही, प्रदर्शनात नाही, ओळखीच्यांना फुकटही नाही.

खोक्यांचं पुन्हा सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. छापखाना हजारापेक्षा कमी खोकी परवडत नाहीत म्हणतो. तुम्ही सहाशे भरता आणि दोन नावांची चारशे कोरी खोकी कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतात. त्यावर उपाय आहे. खोकं साधं, बिननावाचं घ्या. दोन्ही नावं, परवाना क्रमांक, पदार्थांची यादी, वजन, सगळं खोक्याभोवतीच्या कागदी पट्टीवर छापा. पट्टी थोड्या संख्येत डिजिटल छपाईवर निघते. नगाला जरा महाग पडते, पण उरलेली साधी खोकी दोघांनाही पुढे वापरता येतात. प्रत्येक पट्टीवर अनुक्रमांक हवा. किती छापल्या, किती लागल्या, किती खराब झाल्या हे एका वहीत दोघांच्या सह्यांनी लिहा. पट्ट्या पॅकिंग करणाऱ्याच्याच ताब्यात असाव्यात आणि उरलेल्या दोघांच्या समोर फाडाव्यात. मैत्री आहे म्हणून हे टाळू नका. मैत्रीतच हे विचारायचं राहून जातं.

खर्चाची वाटणी. बहुतेक जण अर्धं-अर्धं ठरवून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. उदाहरण घ्या. पेटीत फरसाण 240 रुपयांचं आणि चहा 120 रुपयांचा, दोन्ही आपापल्या घाऊक भावाने. खोकं, पट्टी, फोटो, वाहतूक मिळून पेटीमागे 60 रुपये, म्हणजे सहाशे पेट्यांना 36,000. मालाचं प्रमाण दोनास एक, म्हणून नफाही त्याच प्रमाणात आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात: फरसाणवाल्याचे 24,000, चहावाल्याचे 12,000. इथवर सरळ आहे.

आता शंभर पेट्या उरल्या असं धरा. चहावाला आपले पुडे काढून दुकानात पुन्हा विकतो, त्याचं नुकसान जवळजवळ शून्य. तुमचं 24,000 रुपयांचं फरसाण टाकून द्यावं लागतं. 'ज्याचा माल त्याचं नुकसान' असं ठरलं, तर किती पेट्या भरायच्या हा निर्णय दोघांचा आणि फटका एकट्याला. म्हणून परत विकता न येणारा माल सामाईक खर्चात धरायचा, हे आधीच लिहा. त्याच प्रमाणात वाटलं तर तुमच्यावर 16,000 आणि त्याच्यावर 8,000 येतात. याचा दुसरा फायदा मोठा आहे. जास्त पेट्या भरायचा आग्रह आपोआप कमी होतो, मग उरतंही कमी.

बिल एकानेच फाडावं, दुसऱ्याने त्याला आपला माल रीतसर बिलाने विकावा. जीएसटीत एकाच किमतीला विकलेली अशी पेटी मिश्र पुरवठा ठरते आणि आतल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या पेटीला लागतो. पाच टक्क्यांच्या फरसाणासोबत हौसेने अठरा टक्क्यांची एखादी छोटी वस्तू घातली, तर पूर्ण पेटीवर अठरा. किंमत जाहीर करण्याआधी सीएला विचारा.

नावाची परवानगी लेखी, फक्त या पेटीपुरती, आणि तारीख घालून. चिन्ह नोंदलेलं नसेल तर त्यापुढे नोंदणीची खूण लावू नका, त्याला कायद्याने दंड आहे. तक्रारीसाठी एकच नंबर, उत्तर चोवीस तासांत, पैसे परत करायचा अधिकार फोन उचलणाऱ्याला. माल कुणाचाही असो, आधी पैसे परत, हिशेब मागाहून.

जाहिरात, फोटो, पोस्ट कोण टाकणार ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्याचं नाव असलेली पोस्ट त्याला दाखवल्याशिवाय टाकू नका, एवढंच. गिऱ्हाइकांचे नंबर कोण ठेवणार तेही लिहा.

भाऊबीज झाली की आठवड्याच्या आत एकत्र बसा. पेट्या मोजा, पट्ट्या मोजा, वहीशी ताळा जुळवा, फाडा, फोटो काढा. दोन्हीकडच्या ऑनलाइन दुकानांवरून पेटी उतरवा. पट्ट्यांचा ताळा जुळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.