नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करताय? रिक्रूटरशी बोलताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी एचआरला होतो, तेव्हाची गोष्ट. क्वालिटी इंजिनिअरची जागा भरायची होती आणि आमच्या कन्सल्टंटकडून मेल आला. सोबत अकरा सीव्ही. त्यातल्या एकावर नाव नव्हतं, फोन नंबर नव्हता, सध्याच्या कंपनीच्या जागी ‘बेळगावातील नामांकित हायड्रॉलिक्स कंपनी’ असं लिहिलेलं. खाली होतं: सहा वर्षांचा अनुभव, व्हॉल्व्ह बॉडीचं मशीनिंग, सीएमएम या मोजमापाच्या मशीनचं प्रोग्रामिंग, दोन निर्यात ग्राहकांसाठी पीपॅप म्हणजे भागांच्या मंजुरीची कागदपत्रं. दुसरी ओळ वाचून होईपर्यंतच मला कळलं, हा आमचाच खानापूरकडचा मुलगा. आमच्याकडे सीएमएम प्रोग्रामिंग येणारी माणसं दोनच होती आणि दुसऱ्याला वीस वर्षं झाली होती.

तो मेल क्वालिटी मॅनेजरच्या इनबॉक्समध्येही गेला होता. मी काही करायच्या आत त्यांचा फोन आला.

त्या मुलाने हयगय केली नव्हती. त्याने कन्सल्टंटला सांगितलं होतं, “सर, जरा कॉन्फिडेन्शियल ठेवा, अजून इथं कुणाला सांगितलेलं नाही.” कन्सल्टंटनेही “होय की, काळजी करू नका” म्हटलं होतं आणि शब्द पाळलाही होता: नाव झाकलं, नंबर काढला. ऑफिसमधल्या सहायकाने तो झाकलेला सीव्ही ‘आता सुरक्षित आहे’ असं समजून क्वालिटीची जागा असलेल्या सगळ्या क्लायंटना पाठवला. त्यात आम्हीही होतो.

तेव्हापासून मला वाटतं की या बाबतीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘कॉन्फिडेन्शियल’ एवढाच शब्द वापरून थांबणं.

‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणजे नेमकं काय, हे न सांगणं

तुमच्या मनात या शब्दाचा अर्थ असतो, ‘माझ्या कंपनीला कळता कामा नये’. रिक्रूटर त्याचा अर्थ लावतो, ‘याच्या बॉसला फोन करायचा नाही’. या दोन अर्थांच्या मधल्या जागेतूनच बातमी फुटते. म्हणून गुप्ततेची विनंती चार वेगवेगळ्या गोष्टींत फोडून करावी लागते: सीव्ही कुठल्या कंपनीला जाणार, त्या कंपनीत तो कोण बघणार, तुम्हाला फोन कधी आणि कुठल्या नंबरवर यायचा, आणि सध्याच्या कंपनीकडे चौकशी कधी करायची.

यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सीव्ही सोडायच्या आधी प्रत्येक कंपनीचं नाव तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे. “चांगल्या दोन-तीन ठिकाणी टाकतो” याला हो म्हणू नका. पुण्यासारख्या शहरात ते एकवेळ खपून जाईल. इथे उद्यमबाग, मच्छे, होनगा मिळून वर्तुळ लहान आहे. एका फाउंड्रीतला एचआर काल दुसऱ्या फाउंड्रीत होता. पॅटर्न बनवणारा एकच माणूस चार कारखान्यांना पॅटर्न पुरवतो. कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतही आपल्याकडची माणसं ठिकठिकाणी बसलेली आहेत, त्यामुळे ‘राज्य बदललं म्हणजे सुरक्षित’ हा समजही खरा नाही.

विनंती उशिरा करणं

बरेच जण आधी सीव्ही व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि दोन दिवसांनी आठवलं की लिहितात, “सर, कॉन्फिडेन्शियल हं.” तोवर फाइल पुढे गेलेली असते. पुढे गेलेला पीडीएफ परत घेता येत नाही. बोलणी आधी करा, सीव्ही नंतर द्या.

त्या पहिल्या बोलण्यात एक प्रश्न थेट विचारा: “आमची कंपनी तुमची क्लायंट आहे काय?” विचारायला अवघड वाटतं, पण रिक्रूटरला त्यात काही खटकत नाही. कन्सल्टंट आणि कंपनी यांच्या करारात बहुतेक वेळा एक अट असते की क्लायंटची माणसं फोडून दुसरीकडे द्यायची नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर तो कन्सल्टंट अडचणीत असतो. एक तर तो तुमचं काम मनापासून करणार नाही, नाहीतर तुमच्या एचआरशी असलेल्या रोजच्या बोलण्यात नकळत काहीतरी निसटेल. कितीही ओळखीचा असला तरी अशा ठिकाणी सीव्ही देऊ नका. तो माणूस वाईट आहे असं नाही. त्याचं पोट तुमच्या कंपनीच्या बिलावर चालतं.

उत्तर ‘नाही’ आलं तर मग एक लेखी मेसेज टाका. फोनवरचं बोलणं त्याच्या सहायकापर्यंत पोचत नाही, लिहिलेलं पुढे पाठवता येतं. साधारण असा:

“नमस्कार सर. फोनवर बोललो त्याप्रमाणे सीव्ही पाठवतोय. मी सध्या नोकरीत आहे आणि कंपनीत कुणाला कल्पना नाही, म्हणून चार विनंत्या आहेत. (१) सीव्ही फक्त आपण बोललेल्या कागलच्या कंपनीलाच पाठवा. दुसरीकडे पाठवायचा असेल तर आधी मला नाव सांगा, मी ‘हो’ लिहिल्यावरच पाठवा. (२) तिथे एचआर आणि क्वालिटी हेड यांच्यापलीकडे तो फिरू नये असं त्यांना कळवा. (३) मला संध्याकाळी साडेसहानंतर याच नंबरवर फोन करा, कंपनीच्या फोनवर किंवा मेलवर नको. (४) सध्याच्या कंपनीत चौकशी मी राजीनामा दिल्यानंतरच व्हावी. आधीच्या कंपनीतल्या साहेबांचा संदर्भ आताच देतो. हे चालेल ना, तेवढं कळवा.”

शेवटचं वाक्य सोडू नका. त्याचं ‘ओके’ आलं की सीव्ही जोडा. आलं नाही तर फोन करून विचारा, आणि तरीही टाळाटाळ दिसली तर तिथेच थांबा. कन्नड किंवा इंग्रजीतून व्यवहार करणारा रिक्रूटर असेल तर त्याच्या भाषेत लिहा, पण मुद्दे हेच ठेवा. या ‘ओके’ने कायद्याचं मोठं संरक्षण मिळतं असं नाही. मात्र लिहून मान्य केलेली गोष्ट माणूस सहसा मोडत नाही, आणि मोडलीच तर कुठे मोडली हे दाखवता येतं.

नाव झाकलं की झालं, असं समजणं

त्या खानापूरच्या मुलाच्या सीव्हीत नाव सोडून सगळं ओळखू येण्यासारखं होतं. लहान गावात माणूस नावापेक्षा कामावरून जास्त ओळखला जातो. म्हणून झाकलेला सीव्ही द्यायचा असेल तर ओळी थोड्या विरळ कराव्या लागतात. त्याची मूळ ओळ होती: ‘बेळगावातील नामांकित हायड्रॉलिक्स कंपनीत सहा वर्षे, व्हॉल्व्ह बॉडीसाठी सीएमएम प्रोग्रामिंग, दोन निर्यात ग्राहकांचे पीपॅप.’ तीच ओळ अशी लिहिता आली असती: ‘उत्तर कर्नाटकातील इंजिनिअरिंग कंपनीत पाच वर्षांहून अधिक अनुभव, अचूक मशीनिंगच्या भागांची तपासणी आणि ग्राहक मंजुरीची कागदपत्रे.’ यात खोटं काही नाही. सीएमएमचा तपशील समोरची कंपनी नक्की झाल्यावर द्यायचा. ग्राहकांची नावं आणि ड्रॉइंग मात्र कधीच द्यायची नाहीत. त्यावर कंपनीच्या गोपनीयतेची अट असते आणि ती मोडली तर दोष तुमच्याकडे येतो.

फाइलकडेही एकदा बघा. नाव काढलेल्या सीव्हीच्या फाइलला तुमचंच नाव दिलेलं असतं, किंवा फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बनवल्यामुळे पीडीएफच्या माहितीत लेखक म्हणून तुमचं किंवा कंपनीचं नाव येतं. घरच्या मशीनवर बनवा आणि पाठवण्याआधी फाइलचे गुणधर्म उघडून तपासा.

जॉब पोर्टलवर स्वतःची कंपनी ब्लॉक करायची सोय असेल तर ती वापरा. ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपन्यांची नावंही त्यात घाला. लिंक्डइनवर `Open to work` फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही, एवढं लक्षात असू द्या.

चौकशीच्या फॉर्मवर न वाचता सही करणं

निवड झाल्यावर माणूस आनंदात असतो आणि इथेच घसरतो. पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म येतो आणि त्यात एक संमतीपत्र असतं: माझ्या सर्व आजी-माजी नियोक्त्यांशी संपर्क साधण्यास माझी हरकत नाही. तपासणी करणारी एजन्सी तिसरीच असते. तुमचं रिक्रूटरशी काय ठरलंय, हे तिला माहीत नसतं. फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कंपनीशी आता संपर्क साधावा का?’ असा रकाना असेल तर ‘नाही’ करा. नसेल तर सहीच्या वर स्वतःच लिहा: ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क राजीनामा दिल्यानंतरच.’ आणि त्याची प्रत रिक्रूटरला पाठवा.

याला मर्यादा आहे. कंपनी तुम्हाला अजिबात तपासू नये, असं मागता येत नाही. मागता येतो तो फक्त क्रम. म्हणून सध्याच्या नोकरीचा पुरावा दुसऱ्या वाटेने द्यायची तयारी ठेवा: ऑफर हातात आल्यावर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आणि यूएएनमधली नोकऱ्यांची नोंद. ऑफरच्या आधी स्लिपा मागितल्या तर आकडा तोंडी सांगा आणि कागद नंतर द्या. स्लिपेवर कंपनीचं नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक सगळं असतं, आणि ती एकदा कुणाच्या फोनमध्ये गेली की कुठवर जाईल सांगता येत नाही.

बातमी फुटलीच तर

कळतं कसं? साहेब अचानक प्रेमाने विचारतात, “काय रे, सगळं ठीक हाय नव्हं?” नव्या कामातून नाव गळतं. शिफ्टमध्ये कंपनीच्या फोनवर अनोळखी माणूस तुमचं नाव घेऊन विचारतो.

पहिला फोन रिक्रूटरला करा, पण भांडायला नको. सीव्ही कुणाकुणाला आणि कुठल्या तारखेला गेला, याची यादी मागा. गळती त्याच्याकडूनच झाली की मित्राच्या तोंडून, हे त्यावरून समजतं. यादीत न विचारलेली कंपनी असेल तर तिथून अर्ज मागे घेतल्याचं त्याने लेखी कळवावं असा आग्रह धरा.

साहेबांनी थेट विचारलं तर धडधडीत ‘नाही’ म्हणू नका, कारण त्यांच्या हातात कदाचित कागद असतो. “एका ठिकाणी बोलणं झालंय साहेब, पण मी राजीनामा दिलेला नाही आणि काम आहे तसंच चाललंय,” एवढं पुरतं. कुठली कंपनी, किती पगार, हे सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

आमच्या त्या मुलाने घाबरून “तो सीव्ही माझा नाहीच” असं सांगितलं होतं. मॅनेजरनी त्याच्यासमोर मेल उघडून ठेवला. पुढचे चार महिने त्याला कुठलाही निर्यातीचा भाग हाताळायला मिळाला नाही आणि त्या वर्षीची पगारवाढही अडली. नंतर तो दुसऱ्या कन्सल्टंटकडून गेला. त्या वेळी आधी मला फोन करून विचारलं, “दादा, हे लोक आपल्या कंपनीला माणसं देत्यात काय?” मी नाही म्हटल्यावरच त्याने सीव्ही पाठवला.