नोकरी सोडताना गोपनीयता करार तपासण्याची तयारी

राजीनामा देण्याचे ठरले की सर्वांत आधी आपण सही केलेला करार हाती असावा. ही सही बहुधा एकाच कागदावर नसते. एक कलम नेमणूकपत्रात असते, दुसरे रुजू होताना दिलेल्या स्वतंत्र गोपनीयता करारात असते आणि तिसरे दोन-तीन वर्षांनी ‘वाचले व मान्य आहे’ असे बटण दाबून स्वीकारलेल्या धोरणात दडलेले असते. शेवटच्या दिवशी ईमेल बंद होतो आणि त्यानंतर आपल्याच कराराची प्रत मागण्यासाठी आर्जव करावे लागते, म्हणून नोटीस पीरियड चालू असतानाच या तिन्ही प्रती एचआरकडून लेखी मागून घ्याव्यात. निरोपाच्या वेळी नवा, अधिक कडक कागद पुढे आला तर लगेच सही करू नये. काम केल्याबद्दल आधीच देय झालेला पगार हा त्या नव्या बंधनाचा मोबदला सहसा ठरत नाही. मात्र एकदा सही झाली की त्यावरून वाद घालण्याची वेळ आपल्यावर येते.

प्रत हाती आल्यावर प्रथम ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या वाचावी. ती अनेकदा ‘नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यास कळलेली कोणतीही माहिती’ अशी सरसकट असते आणि ती वाचून माणूस धास्तावतो. परंतु कागदावर जे लिहिले ते सगळेच गुपित ठरते असे नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराच्या ३९ व्या कलमात तीन अटी आहेत: माहिती त्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना सर्वसाधारणपणे ठाऊक नसावी आणि सहज मिळण्याजोगीही नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावे, आणि ती बाळगणाऱ्याने ती गुप्त राखण्यासाठी वाजवी काळजी घेतलेली असावी. अनेक देशांचे कायदे याच सूत्रावर उभे आहेत. म्हणून व्याख्येतील प्रत्येक प्रकारासमोर हे तीन प्रश्न लिहून काढावेत. जी फाइल सर्व विभागांना खुली होती, ग्राहकांच्या सादरीकरणात दाखवली जात होती आणि जिच्यावर कोणताही निर्बंध नव्हता, ती नोकरी सुटल्यावर अचानक गुपित होत नाही. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. खरे व्यापारगुपित कराराविनाही जपावे लागते, त्यामुळे ‘मी कुठे सही केली नव्हती’ हा बचाव फार दूर नेत नाही.

यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ आहे आणि ते घाईत उरकू नये. आपल्याला जे जे ठाऊक आहे त्याची तीन भागांत विभागणी करायची आहे. हा मार्ग इंग्लंडमधील १९८६ च्या फाकेंडा चिकन विरुद्ध फाउलर या खटल्यामुळे रूढ झाला. ताजी कोंबडी व्हॅनमधून विकणाऱ्या कंपनीच्या विक्री व्यवस्थापकाने नोकरी सोडून तसाच व्यवसाय सुरू केला आणि कंपनीने ग्राहकांची नावे, मार्ग, मागणी, फेरीच्या वेळा व दर ही माहिती वापरल्याचा दावा केला. कंपनी हरली. एक माहिती क्षुल्लक वा सर्वांना उपलब्ध असते, दुसरी नोकरीत असेपर्यंत जपायची असते पण पुढे माणसाच्या कौशल्याचा भाग होते, आणि तिसरी खरेखुरे व्यापारगुपित असल्याने नोकरीनंतरही बंधनात राहते, असा तो भेद आहे. न्यायालयाने नोकरीचे स्वरूप, माहितीचे स्वरूप आणि मालकाने तिची गोपनीयता कर्मचाऱ्याच्या मनावर ठसवली होती का, हे पाहिले. चौथी कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते: ही माहिती, कर्मचारी मोकळेपणाने वापरू शकतो अशा इतर माहितीपासून सहज वेगळी काढता येते का? दुसऱ्या भागातील माहिती स्पष्ट लेखी कलमाने बांधता येते की नाही, याबद्दल पुढे इंग्लंडमधील न्यायाधीशांतही मतभेद झाले. त्यामुळे त्या भागाकडे निर्धास्तपणे पाहू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊन ही विभागणी करून पाहू. औद्योगिक गोंद बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षे प्रयोगशाळा सांभाळलेली एक रसायनतज्ज्ञ प्रतिस्पर्ध्याकडे जाणार आहे. गोंद कोणत्या तत्त्वाने घट्ट होतो, तापमान वाढवले की वेग का वाढतो, हे पाठ्यपुस्तकांत आहे. ते पहिल्या भागात जाते. मिश्रणाकडे पाहूनच ते पातळ झाले की नाही हे ओळखणे, हवेतील दमटपणाने बुडबुडे का येतात याचा अंदाज बांधणे, बिघडलेल्या यंत्राचा आवाज ओळखणे, हे सारे तिचे कसब आहे. ते तिने कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या पगारावर मिळवले असले तरी घरी जाताना ते मागे ठेवता येत नाही. ते दुसऱ्या भागात. एका विशिष्ट उत्पादनातील घटकांचे अचूक प्रमाण, उत्प्रेरक कोणत्या टप्प्यावर किती घालायचा हा क्रम आणि त्यासाठी खास शुद्ध करून देणारा पुरवठादार, हे कुलूपबंद नोंदवहीत होते व ती पाहण्याची परवानगी पाच जणांनाच होती. ते निःसंशय तिसऱ्या भागात.

खरी अडचण अयशस्वी प्रयोगांपाशी येते. कंपनीने दोन वर्षे खर्चून अमुक भरणद्रव्य चालत नाही हे शोधले आणि तिला ते ठाऊक आहे. काय चालत नाही याचे ज्ञानही गुपित ठरू शकते. अमेरिकेतील १९७९ च्या नमुना व्यापारगुपित कायद्याच्या टिपणीत अशा नकारात्मक माहितीचा उल्लेख आहे. पण नव्या ठिकाणी कोणी तेच भरणद्रव्य सुचवले तर जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाण्याची अपेक्षा तिच्याकडून कशी करावी? यावर नेटके उत्तर नाही. व्यवहारात मार्ग असा, की तिने जुन्या प्रयोगांचे आकडे व निष्कर्ष सांगू नयेत, त्या एका उत्पादनाच्या कामातून काही काळ स्वतःला बाजूला ठेवण्याची विनंती करावी, आणि मत देण्याची वेळ आलीच तर ते प्रकाशित साहित्याच्या आधारे द्यावे व तो आधार नोंदवून ठेवावा.

विभागणी झाल्यावर करार उलट दिशेने वाचावा. त्यातील बंधने काटेकोर पाळली तर आपल्या व्यवसायात काम करणे शक्य राहते का, असा प्रश्न विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल तर गोपनीयतेच्या नावाखाली स्पर्धाबंदीच घातलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये शेअर व्यवहारातील एका माजी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात अशी कलमे अमलात आणण्याजोगी नाहीत असे ठरवले, कारण गोपनीय माहितीची व्याख्या इतकी फुगवली होती की त्याला त्या क्षेत्रात पुन्हा कामच करता आले नसते. भारतात १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरवते. नोकरी संपल्यानंतरची स्पर्धाबंदी त्यामुळे टिकत नाही, तरी खऱ्या गुपितांपुरते बंधन मात्र टिकते. इतर काही देशांत वाजवी मुदतीची स्पर्धाबंदी मान्य होते. म्हणून करारात कोणत्या देशाचा वा राज्याचा कायदा लागू असल्याचे लिहिले आहे ते कलम अधोरेखित करून ठेवावे. ते बहुधा शेवटच्या पानावर, कंटाळून न वाचलेल्या भागात असते.

मुदतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द खऱ्या सूत्रापुरता टिकू शकतो, कारण गुपित गुपित असेपर्यंतच बंधन राहते. इतर कोणी ते कायदेशीरपणे प्रसिद्ध केले की ते बंधन साधारणपणे उरत नाही. दरपत्रके, निविदांचे आकडे आणि येत्या वर्षाच्या योजना मात्र लवकर शिळ्या होतात, आणि त्यांच्यासाठी दहा वर्षांची मुदत लिहिली असेल तर तिचे समर्थन करणे मालकाला जड जाते.

पुढची तयारी वस्तूंची आहे. अनेक प्रकरणे डोक्यातील ज्ञानाने नव्हे तर शेवटच्या आठवड्यातील एका पेनड्राइव्हने बिघडतात. वैयक्तिक ईमेल, फोनमधील ग्राहकांचे क्रमांक, क्लाउडवर आपोआप चढलेल्या प्रती, घरच्या संगणकावरील जुने अहवाल आणि चॅटमधील छायाचित्रे, या सर्व ठिकाणी कंपनीचे काय आहे याची यादी करावी. ही यादी कंपनीला दाखवून, तिने सांगितलेल्या पद्धतीनेच ते परत करावे वा पुसावे आणि पोच घ्यावी. स्वतःहून सगळे पुसून टाकणे हाही धोका आहे, कारण नंतर तेच पुरावा नष्ट केल्यासारखे दिसते. कागद नेला नाही पण ग्राहकांची यादी मुद्दाम पाठ केली, हाही बचाव नाही. सहज लक्षात राहणे आणि हेतुपूर्वक घोकणे यांत न्यायालये फरक करतात.

करार जे झाकू शकत नाही त्याचीही नोंद हवी. कंपनीतील बेकायदा कृत्य सक्षम अधिकाऱ्याला कळवणे अनेक देशांत संरक्षित आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या व्यापारगुपित कायद्यानुसार संशयित कायदेभंगाची माहिती सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला गोपनीयपणे दिल्यास त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही, आणि युरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या निर्देशातही सार्वजनिक हितासाठी गैरकृत्य उघड करण्याला अपवाद आहे. हे संरक्षण ठरावीक मार्गाने सांगण्यापुरते असते. तेच समाजमाध्यमावर टाकल्यास ते मिळेलच असे नाही, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

नव्या मालकाला करार असल्याचे सांगावे, पण त्यातील गोपनीय मजकूर दाखवू नये. जुन्या ठिकाणचे काहीही आणू नये व वापरू नये, असे त्याच्याकडून लेखी घ्यावे. हे पत्र पुढे दोघांच्याही उपयोगी पडते. मुलाखतीत ‘तिकडे हे कसे करायचे?’ असा प्रश्न आला तर ते सांगणे योग्य होणार नाही, एवढे म्हणून पुढे जावे.

जुन्या कंपनीची नोटीस आलीच, तर तिच्यात नेमकी कोणती माहिती, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने वापरल्याचा आरोप आहे हे शोधावे. बहुतेक नोटिसा याबाबत मोघम असतात. तो तपशील लेखी मागावा, दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्यावे, आणि तोपर्यंत फोन वा संगणकावरील एकही संदेश पुसू नये. सुरुवातीला केलेली तीन भागांची यादी, परत केलेल्या वस्तूंची पोच आणि नव्या मालकाचे पत्र हे तीन कागद वकिलाला पहिल्याच भेटीत द्यावेत.