रेकॉर्डिंग संपल्यानंतरची 10 मिनिटं

कागदावरच्या आयईएलटीएसमध्ये लिसनिंगचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा तास चालतं आणि ते एकदाच ऐकवतात. ऐकता ऐकता उत्तरं प्रश्नपत्रिकेवर खरडा. अक्षर कसंही असलं तरी बिघडत नाही, कारण तपासतात ती फक्त उत्तरपत्रिका. ती भरायला रेकॉर्डिंगनंतर वेगळी 10 मिनिटं मिळतात. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना ही सवलत नसते, त्यांना फक्त 2 मिनिटं पडताळणीला. त्यामुळे सराव मोबाइलवर नको. उत्तरपत्रिकेचा नमुना छापून घ्या आणि पेन्सिल, खोडरबर घेऊन घड्याळ लावून बसा.

मधल्या विरामांत उत्तरं उतरवायला जाऊ नका. तो वेळ पुढचे प्रश्न वाचायचा आहे.

चाळीस उत्तरं उतरवायला 6 मिनिटं पुरतात, उरलेली 4 तपासायला ठेवा. सगळ्यात महाग पडते ती ओळ सरकण्याची चूक. समजा, 17वं उत्तर सुटलं आणि 18वं त्याच्या रकान्यात गेलं, तर तिथून पुढची बरोबर उत्तरंही चूक ठरतात. म्हणून 10, 20, 30 या आकड्यांशी थांबून प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा. सुटलेल्या जागी अंदाजाने काहीतरी लिहाच. चुकीला गुण कापत नाहीत.

उत्तरं सगळी कॅपिटलमध्ये लिहिलेली चालतात, आणि माझ्या मते तेच बरं. माणसाचं नाव, गावाचं नाव, वार, महिना यांचं पहिलं अक्षर मोठं की लहान, हा घोळच राहत नाही. फक्त यू आणि व्ही वेगळे दिसू द्या.

आता घर भाड्याने घेण्याचा फॉर्म घ्या. आडनाव सांगताना बाई म्हणतात, ‘बी, ए, डबल आर, ए, डबल टी’. घाईत प्रश्नपत्रिकेवर ‘२आर’ असं खुणेपुरतं लिहिलं असेल, तर उतरवताना दोन्ही आर आणि दोन्ही टी पूर्ण लिहा. भाड्याच्या रकान्याआधी पौंडाची खूण छापलेली असेल तर नुसता आकडा पुरे. सूचना ‘एकच शब्द’ अशी असेल आणि तुम्ही ‘अ गार्डन’ लिहिलंत, तर शब्द दोन झाले, गुण गेला. ‘गार्डन’ की ‘गार्डन्स’, हे रिकाम्या जागेच्या आजूबाजूचं वाक्य वाचून ठरवा. शेवटचा एस उतरवताना हमखास गळतो. पर्यायी प्रश्नांत फक्त अक्षर लिहायचं, पर्यायातला मजकूर नाही.

स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही चालतं. चुकलेलं मात्र चालत नाही. ‘अकोमोडेशन’मध्ये सी दोन आणि एमही दोन, ‘फेब्रुवारी’त बी नंतरचा आर, ‘वेन्सडे’तला न उच्चारलेला डी. वार, महिने आणि असे नेहमी येणारे शब्द आधीच हाताने लिहून घोटा.

लिसनिंगच्या सवयीने रीडिंगला गाफील राहू नका. तिथे उतरवायला वेगळी मिनिटं नाहीत. 60 मिनिटांतच उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवर जायला हवीत.