पावसाआधी ओलीची वही: तीन-चार जागा सांभाळणाऱ्यांची तयारी

म्हापशात एक फ्लॅट, पर्वरीत दोन, मडगावला जुनं घर, एवढा पसारा असला की "भिंतीला ओल आली" ही तक्रार वर्षातून पाच-सहा वेळा येणारच. प्रत्येक वेळी रंगारी बोलावून भागवायचं नसेल, तर मार्चमध्येच एक वही किंवा एक्सेल शीट तयार ठेवा. एका तक्रारीला एक ओळ, आणि त्या ओळीत तीन रकाने कटाक्षाने वेगळे: भाडेकरूचे शब्द, कामगाराचा अंदाज, आणि फोडल्यावर प्रत्यक्ष निघालेलं कारण. हे तिन्ही एकत्र लिहिले की वही वाया गेली. रंगाऱ्याला दोष पुट्टीत दिसतो आणि प्लंबरला पाइपात, मग "पाइप गळती" हा नुसता अंदाज पुढच्या वर्षी वहीत सत्य होऊन बसतो.

पहिल्या रकान्यात "ओल" एवढंच लिहून चालत नाही. कुठली खोली, कुठली भिंत, तिच्या पलीकडे काय आहे, आणि डाग जमिनीपासून किती सेंटिमीटर वर गेलाय हे लिहा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख घाला आणि मोजपट्टी लावून फोटो काढा. पंधरा दिवसांनी रेघेबाहेर पाणी गेलं की नाही ते कळतं. मडगावच्या घरासारख्या चिऱ्याच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वर चढतं, त्यामुळे तिथली ओल खालून साधारण सारख्या उंचीची असते आणि वाळल्यावर पांढरा खार उरतो. एकाच कोपऱ्यात गोल वाढणारा डाग मात्र बहुधा नळाचा किंवा नहाणीचा.

आणखी एक रकाना बहुतेकजण विसरतात: जागेत तेव्हा कोणी राहत होतं का? गोव्यात फ्लॅट महिनोन्‌महिने बंद असतात, आणि इथे त्याचा उपयोगच होतो. समजा, पर्वरी-१ ची नोंद अशी आहे: जानेवारीत बेडरूमच्या भिंतीला ओल, पलीकडे बाथरूम, उंची २५ सेंटिमीटर, पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. मेमध्ये तीच ओल, पुन्हा रंग. जुलैत भरपूर पाऊस, फ्लॅट रिकामा, भिंत कोरडी. ऑक्टोबरमध्ये भाडेकरू आला आणि दोन आठवड्यांत डाग हजर. म्हणजे दोष पावसाचा नव्हे, वापराच्या पाण्याचा. आता शीटमध्ये बाकीच्या जागाही चाळा:

```
=COUNTIFS(A:A,"पर्वरी-२",D:D,"बेडरूम",E:E,"बाथरूम")
```

A मध्ये जागेचं नाव, D मध्ये खोली, E मध्ये पलीकडची खोली; नाव बदलत एकेक जागा पाहा. त्याच इमारतीतल्या पर्वरी-२ लाही हेच निघालं, तर एकाच मिस्त्रीच्या हातचा तोच दोष असण्याची शक्यता मोठी.

कोटेशन मागवण्याआधी तपासणी उरकून घ्या. प्रथम बाथरूमच्या पाण्याच्या लाइनला हातपंपाने दाब देऊन गेजचा काटा अर्धा तास पाहायला लावा. काटा उतरला तर लाइन गळते. नाही उतरला, तर नहाणी ट्रॅपला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाचा बोळा घट्ट बसवा, दाराशी सिमेंटचा छोटा बांध घाला, २–३ सेंटिमीटर पाणी भरा आणि पातळीची खूण करून २४ तास ठेवा. एक-दोन मिलिमीटर वाफेने जातं, ते मोजू नका. पातळी बरीच उतरली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं. पाणी टिकलं, पण बोळा काढून दोन-तीन बादल्या ओतल्यावर ओल वाढली, तर ट्रॅपचा सांधा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या छतावरही काय उमटतं ते कळेल.

मग तिघांना एकाच कामाचं, एकाच मापाचं कोटेशन द्यायला सांगा. माणूस जागा पाहून गेला की फोनवरच आकडा बोलला, हेही लिहा. समजा, २८,००० रुपयांच्या कोटेशनात टाइल्स आणि राडारोडा उचलणं धरलेलं आहे. १९,५०० च्या कोटेशनात ७,५०० च्या टाइल्स आणि २,००० ची उचल वेगळी, म्हणजे ते २९,००० चं झालं. नाकारलेली कोटेशन्सही वहीत ठेवा. ज्याच्या अंदाजाचा रकाना निघालेल्या कारणाशी दोन-तीनदा जुळला, त्यालाच पुढच्या वेळी पहिला फोन.

तारखांचं म्हणाल तर बाहेरच्या भिंतीचं काम एप्रिलअखेर ठरवा. ओल्या भिंतीवर लेप धरत नाही आणि जूनमध्ये परांची बांधायला कोणी तयार होत नाही. चवथीआधी घाईने मारलेल्या रंगाची नोंद वहीत वेगळ्या शाईने करा. त्यातले कुठले फुगले, ते दिवाळीच्या सुमारास पाहता येईल.